शब्दचर्चा: 'लज्जतदार'ला घरगुती शब्द सुचवा (अळूच्या भाजीची सुरवात)

रानवारा: आईची अळूची भाजी लिहून काढतेय, भाच्यांसाठी, आणि नेटवर पण टाकणारे. सुरवात अशी झालीय: "अळूची भाजी ही महाराष्ट्रातील एक पारंपरिक, पौष्टिक व लज्जतदार पाककृती आहे. पावसाळ्यात अळूची भाजी आवर्जून केली जाते. चला तर मग, आज आपण पाहणार आहोत अळूची भाजी रेसिपी मराठीत." बहीण म्हणाली यात आई कुठाय? 'लज्जतदार'च्या जागी काय टाकू?

चुलीपाशी: सगळे संस्कृत शब्द काढ, पाककृती, पौष्टिक, पारंपरिक, साहित्य. घरात कोणी असं बोलत नाही, आपोआप आईसारखं होईल.

पाटावरवंटा: 'साहित्य' तर माझी आजीपण म्हणायची, 'भाजीचं साहित्य काढून ठेव गं'. शब्द संस्कृत आहे म्हणून परका होत नाही. आणि 'लज्जतदार' काढून 'चवदार' घातलं तरी आई येणार नाही, कारण अडचण क्रियापदात आहे. 'केली जाते' म्हटलं की भाजी करणारं कोणीच नसतं. घरच्या आठवणीचं क्रियापद 'करायची', 'लावायची', 'घोटायची' असं असतं, त्यात करणारी बाई आणि रोजची सवय दोन्ही एकदम येतात. 'करीत असे' नको, ते पुस्तकी होतं. रानवारा ताई, आई अशी कुठली गोष्ट करायच्या जी शेजारची करत नव्हती ते सांगा.

खवय्या_नागपूर: माझ्या अळूनं परवा घशाला खाज सुटली हो, चिंच घातली होती तरी. काय चुकलं असेल?

पाटावरवंटा: कच्चं राहिलं असणार. अळूत सुईसारखे बारीक खडे असतात ते टोचतात, आंबटानं त्रास कमी होतो पण देठं नीट शिजायलाच हवीत. बोटांत दाबून बघायचं, दोरा लागला तर अजून शिजवा. इथे विषय सुरवातीचा चाललाय पण.

रानवारा: आई चिरायला बसायच्या आधी हाताला गोडंतेल चोळायची, ते सगळेच करतात म्हणा. एका जुडीला अर्धी जुडी आंबट चुका, चुका नाही मिळाला तर अळू तसंच फ्रीजमध्ये, नुसत्या चिंचेवर तिचा भरवसा नव्हता. हरभऱ्याची डाळ आणि दाणे भिजवून वेगळ्या वाटीत शिजवायची, कारण अळूबरोबर शिजवले की घोटताना मोडतात आणि मग ती चिडायची. घोटून झालं की दोन चमचे डाळीचं पीठ, मग गूळ, आणि फोडणीत मेथ्या हव्याच.

पाटावरवंटा: अहो हीच सुरवात आहे! तुमचेच शब्द ठेवून जोडते:

"चुका मिळाला नाही तर आई अळू करायचीच नाही, नुसत्या चिंचेवर तिचा भरवसा नव्हता. एका जुडीला अर्धी जुडी चुका लागायचा. डाळ-दाणे ती वेगळ्या वाटीत शिजवायची, अळू घोटताना ते मोडले की चिडायची."

'लज्जतदार' गेला आणि त्याच्या जागी दुसरा शब्द लागलाच नाही बघा. शिवाय वाचणाऱ्याला दोन कामाच्या गोष्टी कळल्या, आंबट किती आणि डाळ वेगळी का. फोडणी, गूळ, पीठ खाली कृतीत जाऊ दे, सुरवातीत सगळं कोंबलं की परत यादी होते. तेलाची गोष्टही कृतीतच, ती सगळ्यांचीच आहे.

चुलीपाशी: छान झालंय, पण 'आजीच्या स्वयंपाकघरातला दरवळ' असं एक वाक्य आधी हवं ना? आठवण वाटेल.

पाटावरवंटा: नको. ते वाक्य बिरड्यालाही लागेल आणि पुरणपोळीलाही. चिडायची हे फक्त यांच्या आईचं आहे.

डोंबिवली_फास्ट: सगळं मान्य, पण पहिल्या ओळींत 'अळूची भाजी रेसिपी' नसलं तर सर्चमध्ये कोण शोधणार? लोक तेच टाइप करतात.

पाटावरवंटा: नाव शीर्षकात घाला, साहित्याच्या वर परत एकदा येऊ दे. तीन वाक्यांत तीनदा कशाला, घरात बोलताना एकदा अळू म्हटलं की पुढे 'ते' आणि 'ती' म्हणूनच चालतं.

डोंबिवली_फास्ट: तेवढ्यानं भागेल असं मला नाही वाटत, बघा टाकून.

रानवारा: आता शीर्षकाचा प्रश्न. आई 'फदफदं' म्हणायची, बहिणीच्या सासरी 'फतफतं' म्हणतात. आईचा शब्द घालावासा वाटतोय पण लोक 'अळूची भाजी' शोधतील ना?

खवय्या_नागपूर: आमच्याकडे असं घोटलेल्या पालेभाजीला गरगटं म्हणतात, ते पण घाला.

पाटावरवंटा: गरगटं यांच्या आईचं नाही हो, ते तुमच्या रेसिपीत. 'आईचं अळूचं फदफदं' असं वर घाला आणि 'अळूची भाजी' साहित्याच्या वर, मी तरी असंच करीन.

चुलीपाशी: मी उलटं करीन, वर 'अळूची भाजी' आणि फदफदं आत, भाच्यांना काय ते माहितीच आहे.