घरच्या इफ्तारला २२ माणसं: खजूर, फळं, शरबत किती आणू?

कारंज्याची_मास्तरीण
रविवारी आमच्याकडे इफ्तार आहे. १६ रोजेदार, बाकी ६ म्हणजे लहान मुलं आणि शेजारचे दोघं म्हातारे. जेवण नमाजनंतर आहे, ते सासूबाई बघतील. माझ्याकडे खजूर, फळं आणि प्यायचं. गावात फक्त सुटा खजूर मिळतो, बाकी शनिवारी कारंज्याहून आणायचं. फ्रिज छोटा आहे आणि संध्याकाळी लाइनचा भरवसा नाही. किती आणू?

वऱ्हाडी_भाऊ
ताई, अजवाच घ्या. दुसरा खजूर इफ्तारला शोभत नाही. आणि मोजून तीन-तीन ठेवा.

परतवाड्याचा_फळवाला
तीनचा हिशोब बरोबर आहे, पण अजवाच पाहिजे असं काही नाही. २२ माणसांना अजवा घेतला तर फळांचे पैसे त्यातच जातील. वाटायला किमिया बरा, मऊ असतो, म्हाताऱ्यांनाही चावतो. रोजेदारांना तीन धरले तर ४८, बाकीच्यांना दोन धरले तर १२, म्हणजे साठ दाणे. किमियाचा दाणा साधारण दहा ग्रॅमचा, म्हणजे सहाशे ग्रॅम झाले. ताट रिकामं दिसू नये म्हणून अर्धा किलोचे दोन डबे घ्या. उरला तर फ्रिजमध्ये राहतो.

पण किमिया थंडाव्यातला माल आहे. दुकानात डबा बाहेर उन्हात रचलेला असेल तर घेऊ नका. उघडल्यावर आंबूस वास आला, तर तो आंबायला लागला समजा. सुटा घेणार असाल तर दोन-तीन दाणे फोडून पाहा. आत काळी भुकटी किंवा जाळी दिसली तर माल परत करा. पांढरे कण दिसले आणि चाखल्यावर गोड लागले तर ती साखर आहे, घाबरायचं कारण नाही.

अंबाडीची_भाजी
उपवासाच्या फळांना चाट मसाला चालतो का? त्यात हिंग असतो ना? आमच्याकडे एकादशीला सेंधव मीठच घेतात.

कारंज्याची_मास्तरीण
ताई, हा रोजा आहे, सूर्यास्तानंतर सगळं चालतं :) पण चाट मसाल्याचं विचारायचंच होतं. मागच्या वेळी जावेकडे फळांत पाणीच पाणी झालं होतं.

परतवाड्याचा_फळवाला
मीठ पडलं की फळ पाणी सोडतं. अजानला खजूर, पाणी, दोन घास फळं, मग सगळे नमाजला. परत येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात आणि तोवर ताटात रस्सा होतो. म्हणून अर्धी फळं मसाला लावून आधी द्या, अर्धी कोरी झाकून ठेवा आणि लोक परत आले की मसाला टाका. केळी आधी कापू नका, काळी पडतात. पपई-टरबूज तासभर आधी कापलं तरी चालतं.

माणशी दीडशे ग्रॅम कापलेली फळं धरा, म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास. साडेतीन किलोचं टरबूज साल काढून दोन किलोच्या पुढं जेमतेम जातं, दीड किलोची पपई किलोभर भरते, सहा-सात केळी. एवढ्यात भागतं. संत्री वेगळी ठेवा, मृग बहाराची आली आहेत. डझनभर सोलून फोडी मांडल्या की मुलं त्यावरच तुटून पडतील.

दिग्रसची_सून
शरबताचं मी सांगते. गुलाबी सरबताची साडेसातशे मिलीची बाटली असते. एका ग्लासाला तीस मिली घातलं तर पंचवीस ग्लास होतात. माणशी दीड ग्लास लागतो, म्हणजे तेहतीस. दुसरी बाटली आणू नका, उरलेले आठ-दहा ग्लास लिंबाचे करा, पाच-सहा लिंबं पुरतात. थोडे बिनसाखरेचे, नुसत्या मिठाचे ठेवा, शुगरवाल्यांना होतात. सब्जा तीन चमचे, वीस मिनिटं आधी भिजवा. दुधाचं शरबत केलं तर त्यात लिंबू पडू देऊ नका, फाटतं.

लाइनचं म्हणाल तर बर्फ दुपारीच आणून थर्मासमध्ये ठेवा. आणि पाणी सगळ्यात जास्त लागतं. साध्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन वेगळा हवाच.

वऱ्हाडी_भाऊ
शुगरवाल्यांना खजूर चालतो हो, त्यातली साखर नैसर्गिक असते.

दिग्रसची_सून
भाऊ, नैसर्गिक असली तरी रक्तात साखरच वाढते. माझे सासरे एकच खजूर खातात आणि सरबत घेत नाहीत. मास्तरीणबाई, त्या दोघांना आधीच विचारा, त्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते. मांडणीत त्यांच्याजवळ काकडी ठेवा.

कारंज्याची_मास्तरीण
ठीक. किमियाचे दोन डबे, टरबूज, पपई, केळी, संत्री, एक बाटली, लिंबं. फक्त एक अडलंय. सासूबाई म्हणतात, गावातलाच सुटा खजूर आणून दुधात भिजवून वाढा, स्वस्त पडतो.

परतवाड्याचा_फळवाला
चव छान लागते, पण रोजा सोडताना लोक हातात कोरा दाणा घेतात. दुधातला नमाजनंतर द्या. आणि सुटा असेल तर आधी धुऊन घ्या, धूळ फार असते.

दिग्रसची_सून
आमच्याकडे तर दुधातलाच आधी देतात, कोणी काही म्हणत नाही. फक्त फ्रिजमध्ये जागा आहे का ते बघा, उन्हाळ्यात दूध लवकर नासतं.