बहिणीचा हिस्सा बिल्डरला : घरच्यांचा पहिला हक्क रास्त आहे का?

हेमंत, मुलुंड
मुलुंडला वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले एकमजली घर आहे. वडील २०११ साली मृत्युपत्र न करता वारले आणि आई २०१९ साली, तीही मृत्युपत्र न करता. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण आहोत. बहीण आपला एक तृतीयांश हिस्सा दीड कोटीला एका बिल्डरला विकायला निघाली आहे, हे त्याच्या वकिलाने वर्तमानपत्रात दिलेल्या जाहीर नोटिशीवरून आम्हाला कळले. परक्याच्या आधी हा हिस्सा घेण्याचा हक्क आम्हाला आहे का, आणि तुमच्या मते तो असावा का?

सुहास, डोंबिवली
काळजी करू नका. घर एकत्र आहे तोवर सर्व हिस्सेदारांच्या सह्यांशिवाय खरेदीखत नोंदलेच जात नाही. तुम्ही सही देऊ नका, म्हणजे व्यवहार आपोआप थांबेल. आणि असा हक्क असायलाच हवा. ज्या घरात आईवडील राहिले तिथे उद्या बिल्डरचा माणूस कुलूप घेऊन उभा राहावा, हे कुणालाही सहन होणार नाही.

विद्याधर, दादर
सुहास यांची भावना मला पटते, पण त्यांच्या सल्ल्यावर विसंबून हेमंत हातावर हात ठेवून बसले तर नुकसान त्यांचेच होईल. अविभक्त मालमत्तेतला आपला हिस्सा विकायला इतरांची संमती लागत नाही आणि दुय्यम निबंधक दस्त नोंदवताना मालकीचा निवाडा करत बसत नाही. खरेदीखत नोंदले जाऊ शकते.

तुमचा हक्क दुसरीकडे आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार, मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाची स्थावर मालमत्ता वर्ग १ च्या, म्हणजे मुले, पत्नी, आई अशा सर्वांत जवळच्या, दोन किंवा अधिक वारसांकडे आली असेल आणि त्यांतला एक जण आपला हिस्सा विकू पाहत असेल, तर तो घेण्याचा अग्रहक्क बाकीच्या वारसांना मिळतो. किंमत आपसात ठरली तर उत्तम, नाही तर अर्ज करायचा आणि ती न्यायालयाने ठरवायची. हे कलम शेतजमिनीलाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. मात्र विकणाऱ्याने इतरांना आधी कळवलेच पाहिजे, असे बंधन कलमात कुठेही लिहिलेले नाही. त्यामुळेच मुंबईत बहुतेकांना विक्रीची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या चार ओळींच्या नोटिशीतून लागते.

त्या नोटिशीत हरकतीसाठी मुदत दिलेली असेल. बहुतेक वेळा ती चौदा दिवसांची असते. मुदतीच्या आत त्या वकिलाला आणि बहिणीला नोंदणीसह स्पीड पोस्टाने लेखी कळवा की आम्ही कलम २२ चा हक्क बजावत आहोत आणि हिस्सा घ्यायला तयार आहोत. नुसते ‘आमची हरकत आहे’ असे मोघम लिहू नका. विकत घेण्याची तयारी शब्दांत उतरली पाहिजे, कारण हा हक्क विक्री अडवण्याचा नाही, खरेदी करण्याचा आहे.

नंदिनी, ठाणे
कायदा काय आहे हे विद्याधर यांनी नीट सांगितले, पण हेमंत यांनी ‘असावा का’ हेही विचारले आहे आणि त्याला माझे उत्तर ‘नसावा’ असे आहे.

बहिणीच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. समजा, संपूर्ण घर निर्वेधपणे विकले तर सहा कोटी येतील. म्हणजे तिचा वाटा दोन कोटींचा झाला. तरीही बिल्डर दीडच कोटी देतो, कारण त्याला खोली नव्हे, वाद विकत मिळणार आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४४ सांगते की कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला त्या घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही. त्यात घरच्यांना अग्रहक्क आहे हे एकदा बाजाराला कळले, की गंभीर ग्राहक वकिलाची फी घालून कागदपत्रे तपासण्याचीही तसदी घेत नाही. सगळे केल्यावर सौदा भावांनीच नेला तर त्याच्या हाती काय राहणार? ग्राहक कमी झाले की भाव पडतो आणि त्या पडलेल्या भावाची बरोबरी करून भाऊ हिस्सा घेतात. अर्धा कोटी बहिणीच्या पदरातून जातो आणि आपण त्याला घराची अब्रू राखणे म्हणतो.

याच कायद्यात पूर्वी कलम २३ होते. घरातले पुरुष वारस वाटणी करायचे ठरवत नाहीत तोवर मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. ते २००५ साली रद्द झाले. कलम २२ स्त्री-पुरुष असा भेद करत नाही हे खरे. पण घरात राहतात बहुधा भाऊ आणि बाहेर पडायचे असते बहुधा बहिणीला, त्यामुळे त्याचा भार कुणावर पडतो हे उघड आहे.

विद्याधर, दादर
नंदिनी, भाव पडतो हे तुमचे निरीक्षण अचूक आहे, पण त्याचा सगळा दोष अग्रहक्काला देता येणार नाही. कलम २२ उद्या रद्द झाले तरी अविभक्त हिस्सा स्वस्तच विकला जाईल, कारण घेणाऱ्याला पुढे वाटणीचा दावा लढायचाच असतो.

दुसरे असे की, परक्याने देऊ केलेल्या आकड्यालाच हिस्सा मिळेल, असे कलम म्हणत नाही. न्यायालय किंमत ठरवते, आणि ती अर्जदाराला परवडली नाही व त्याने माघार घेतली, तर खर्च त्यालाच भरावा लागतो. त्यामुळे केवळ खोळंबा करण्यासाठी अर्ज करणाऱ्याला जरब बसते. शिवाय दोन वारस पुढे आले तर जास्त किंमत देणाऱ्याला प्राधान्य मिळते. हेमंत आणि त्यांचा भाऊ वेगवेगळे उभे राहिले, तर बहिणीचा फायदाच होईल.

नंदिनी, ठाणे
न्यायालय किंमत कोणत्या आधारावर ठरवेल, हाच तर माझा मुद्दा आहे. संपूर्ण घराच्या बाजारभावाचा तिसरा भाग धरायचा, की एकट्या अविभक्त हिश्श्याला बाजारात जे मिळते ते? कलमात याचे उत्तर नाही. भाऊ दुसरा आकडा धरा म्हणतील, बहीण पहिला. घर एकसंध ठेवण्याचा लाभ भावांना मिळणार असेल, तर त्यांनी घर एकसंध धरून येणारीच किंमत द्यावी, इतके तरी न्याय्य आहे. अग्रहक्क ठेवायचाच असेल तर या अटीवर ठेवा, मग माझा विरोध मावळेल.

प्रकाश, भांडुप
माझे प्रकरण असेच आहे. मी आणि माझ्या मित्राने भागीत एक औद्योगिक गाळा घेतला. आता तो त्याचा अर्धा भाग तिसऱ्याच माणसाला देतो आहे. कलम २२ खाली मी अर्ज करू का? गाळा दोघांच्या नावावर आहे आणि मेंटेनन्स मीच भरत आलो आहे.

विद्याधर, दादर
प्रकाश, तुमचा गाळा वारसाहक्काने आलेला नाही, त्यामुळे कलम २२ तुमच्या कामाचे नाही. मेंटेनन्सच्या पावत्यांनीही तो हक्क तयार होत नाही. खरेदीच्या वेळी ‘आधी एकमेकांना विचारू’ असा लेखी करार केला होता का, ते पाहा. असा करार मुदतीशिवाय केला असला तरी चालतो, कारण त्यातून जमिनीत हितसंबंध निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. कराराची माहिती असताना घेणाऱ्याविरुद्धही तो बजावता येतो. करार नसेल तर मित्राशी बोलण्यापलीकडे मार्ग दिसत नाही.

हेमंत, मुलुंड
दीड कोटीत बहिणीचे नुकसान होते, हे नंदिनी यांनी मांडले तसे आम्ही पाहिले नव्हते. तरीही पावणेदोन कोटींच्या वर आमची ऐपत नाही. आणि एक शंका आहे. आमचे उत्तर पोहोचल्यावरही तिने खरेदीखत करून टाकले तर?

विद्याधर, दादर
इथे न्यायालयांत एकमत नाही. काही निर्णयांनुसार कलमातला अर्ज विक्रीपूर्वीच करायचा आणि विक्री झाल्यावर रीतसर दावा लावावा लागतो. म्हणून आधीच अर्ज करा, आणि तो केल्यावर लगेच, प्रकरण प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. इतर बहुतेक राज्यांत प्रलंबित दावा आपोआप खरेदीदाराला बांधतो. मुंबईत ही नोटीस नोंदवल्याशिवाय तसा परिणाम होत नाही, आणि अनेकांचे प्रकरण नेमके इथेच फसते.

शेवटचा उपाय विभाजन अधिनियम, १८९३ च्या कलम ४ चा आहे. हिस्सा घेतलेला परका वाटणीचा दावा घेऊन आला, तर कुटुंबातला हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा घेऊ शकतो. त्याने वाटणी मागितलीच नाही, तर हे कलम जागे होत नाही.

तुमच्या हिश्श्यात आणखी एक पेच आहे, त्याकडे तुमच्या वकिलांचे लक्ष वेधा. वडिलांच्या पश्चात आई आणि तिन्ही मुलांना प्रत्येकी एक चतुर्थांश मिळाला. पुढे आईचा चतुर्थांश तिघांत विभागला गेला. म्हणजे बहिणीच्या एक तृतीयांशात पाव भाग वडिलांकडून आणि एक बारांश आईकडून आला आहे. कलम २२ अनुसूचीतल्या वर्ग १ च्या वारसांबद्दल बोलते आणि तो वर्ग हिंदू पुरुषाच्या वारसांचा आहे. स्त्रीचे वारस कलम १५ मध्ये वेगळे दिले आहेत. शब्दशः वाचले तर आईकडून आलेल्या तुकड्यावर तुमचा अग्रहक्क चालत नाही, असा बिल्डरचा वकील युक्तिवाद करील.

सुहास, डोंबिवली
सह्यांबद्दलचे माझे म्हणणे मागे घेतो. पण आईच्या वाट्याला वेगळा नियम लावणे मला अजिबात पटत नाही. घर एकच आहे, त्यात आईच्या भिंती वेगळ्या कशा काढणार?

नंदिनी, ठाणे
भिंती वेगळ्या काढता येत नाहीत, पण किंमत काढता येते. हेमंत, तो एक बारांशाचा वाद न्यायालयात नेण्यापेक्षा पावणेदोन कोटींचा लेखी प्रस्ताव, रक्कम कोणत्या तारखेपर्यंत देणार हे नमूद करून, बहिणीकडे आजच पाठवा. बिल्डरपेक्षा पंचवीस लाख जास्त आणि तेही ठरलेल्या दिवशी मिळणार असतील, तर ती तुमच्या हक्काचा नव्हे, आकड्याचा विचार करील. तिला दोनच कोटी हवे असतील, तर बिल्डरला नकार देऊन संपूर्ण घर विकायचे का, हे तुम्हा तिघांना ठरवावे लागेल.

हेमंत, मुलुंड
प्रस्ताव आज रात्री लिहितो. संपूर्ण घर विकण्याला धाकट्याचा विरोध आहे. त्याचे कुटुंब तळमजल्यावर राहते. नोटिशीला उत्तर मात्र आम्ही दोघे मिळून देऊ.