बोट अख्खं सुजलंय, नखांवर खड्डे आहेत: सोरायसिसच्या संधिवाताचे अनुभव लिहा

खानापूर, शिक्षिका (धागा मी काढलाय)
माझ्या जाऊबाईंना नुकतंच सोरायसिसच्या संधिवाताचं निदान झालं. त्याआधी बराच काळ वेगळ्याच आजाराच्या गोळ्या चालल्या होत्या. आपल्या बेळगाव-निपाणी-चिकोडी-अथणी पट्ट्यात आणखी कुणाचं असं झालंय का? आधी काय समजून औषध दिलं आणि खरं कशावरून कळलं, ते सविस्तर लिहा. लेप-तेलांचे फोन नंबर टाकू नका, काढून टाकीन.

वडगाव, यंत्रमागवाला
माझं लिहितो. डाव्या पायाचं चौथं बोट बुडापासून शेंड्यापर्यंत सुजलं. नुसता सांधा नव्हे, अख्खं बोट. चपलेच्या पट्ट्यात जाईना. ठेच लागली नव्हती, काही पडलंही नव्हतं. जवळच्या दवाखान्यात रक्त तपासून घेतलो, युरिक अॅसिड ७.६ आलं. म्हणाले गाऊट. गोळी सुरू झाली, मटण बंद, तूरडाळ बंद. पुढच्या तपासणीत युरिक अॅसिड ५ च्या घरात आलं, पण बोट होतं तसंच. घरात सगळे रिपोर्ट बघून खूश, मी मात्र लंगडतच मागावर उभा.

मग उजव्या हाताची तर्जनी धरली. सकाळी तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येईना; दहा-साडेदहानंतर बोट जरा सुटायचं. परत रक्त. आरए फॅक्टर निगेटिव्ह, म्हणून "वात नाही" असं लिहून मिळालं. नखांवर बारीक खड्डे होतेच, शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे. ते बुरशी म्हणून घेतलं गेलं आणि त्याच्याही गोळ्या झाल्या.

शेवटी मिरजेला संधिवाताच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बोटाला हात लावायच्या आधी नखं खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघितली. मग कानामागं, केसांत आणि चक्क बेंबीत. कानामागं पापुद्रे होते. मी त्याला कोंडा समजून शाम्पू बदलत होतो. पायाचा एक्स-रे साफ होता, पण सोनोग्राफीत बोटाच्या शिरेभोवती सूज दिसली. आठवड्याला एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट चालू झाली. पहिले काही आठवडे काहीच फरक नाही, सोडून द्यावी असं वाटत होतं. तिसऱ्या महिन्यात चप्पल जायला लागली. तर्जनी सकाळी अजून थोडी आखडते.

निपाणी
७.६ म्हणजे गाऊटच की हो! मला आहे ना. रात्री दोनला अंगठ्याच्या मुळाशी असं पेटतं की चादर लागली तरी जीव जातो. डाळ आणि दारू बंद करा, बसतंय.

चिकोडी, डॉक्टर
निपाणीकर, तुमचं वर्णन गाऊटचं अगदी बरोबर आहे, आणि त्याच कारणानं वडगावकरांचं ते नव्हे. गाऊट एका रात्रीत चढतो, एका सांध्याला लालभडक करतो आणि बहुधा आठ-पंधरा दिवसांत आपोआप उतरतो. यांचं बोट महिनोन्‌महिने सुजलेलं राहिलं, आणि तेही सबंध. कारण यात सांध्याबरोबर बोटाची शिरा ज्या नळीतून सरकते ती नळीही सुजते. डॉक्टर त्याला सॉसेज बोट म्हणतात. सोरायसिसमध्ये कातडीच्या पेशी भराभर बनतात आणि मरतात, त्यामुळे युरिक अॅसिड थोडं वाढलेलं सापडू शकतं. त्या एका आकड्यावर गाऊट ठरवला की गाडी चुकीच्या रुळावर जाते. आरए फॅक्टरही या आजारात बहुतेकांचा निगेटिव्हच येतो. तो दुसऱ्या वाताला शोधतो.

नखांचं असं आहे की बोट सरळ करणारी शिरा शेवटच्या सांध्यापाशी जिथे चिकटते, तिथूनच तिचे धागे नखाच्या मुळापर्यंत जातात. म्हणून नख आणि शेवटचा सांधा एकत्र बिघडतात. बुरशीचं नख सहसा जाड, पिवळट होऊन कुरतडल्यासारखं सुटतं. शंका असेल तर नख खरवडून बुरशीची तपासणी करून घ्यावी, मगच महिनोन्‌महिने गोळ्या द्याव्यात. अर्थात दोन्ही एकदम असलेले रुग्णही मी पाहिलेत.

हुक्केरी
माझ्या नखाला पण खड्डा पडलाय, बाजूला पू आहे, रात्रभर ठणकतं. मला पण सोरायसिस?

चिकोडी, डॉक्टर
पू आणि ठणका म्हणजे नखुर्डं. उद्या सकाळी दाखवा, कदाचित चिरा द्यावा लागेल. हा धागा तुमचा नव्हे.

अथणी, ऊस शेती
वडगावकर, तुमचं लवकर सापडलं. माझ्या मधल्या बोटाची सूज एकाच्या पुडीनं दोन दिवसांत उतरायची. वर्षभर पुडी खाल्लो. तोंड सुजून गोल झालं तशी बंद केली, आणि पाठभर सोरायसिस फुटला. पुडीत काय होतं ते मोठ्या दवाखान्यात गेल्यावर समजलं. आता बोटाचा शेवटचा सांधा वाकडा तो वाकडाच. कोयता धरता येतो, पण शर्टाचं बटण बायको लावते. औषध घेऊन सरळ होईल काय हो, डॉक्टर?

चिकोडी, डॉक्टर
खोटं कशाला सांगू, हाड झिजलंय तेवढं औषधानं परत येत नाही. सुजेनं वाकलेलं असेल तर थोडं सुटतं. किती, ते एक्स-रे पाहिल्यावरच कळेल. आयर्लंडमधल्या रुग्णांचा २०१५ साली आलेला अभ्यास आहे. त्यात सहा महिने उशिरा तज्ज्ञाकडे पोचलेल्यांच्या सांध्यांची झीज आणि कामातली अडचण जास्त दिसली. त्यातही अख्खं सुजलेलं बोट झिजायची भीती इतर बोटांपेक्षा अधिक. पुडीत स्टेरॉइड असावं असं तुमच्या तोंडाच्या सुजेवरून वाटतं. ते एकदम थांबवलं की सोरायसिस असा उसळतो. तुमची बाकीची नऊ बोटं अजून हातात आहेत, त्यांच्यासाठी या.

संकेश्वर, औषध दुकान
दुकानातलं सांगतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असते, पण लोकं बीपीच्या गोळीसारखी रोज खातात. एका आजींना तोंडात फोड आले, रक्ताच्या पेशी उतरल्या, ऍडमिट करावं लागलं. तेव्हापासून मी पाकिटावर मार्करनं वार लिहून देतो, "फक्त रविवार", आणि फॉलिक अॅसिडवर वेगळा वार. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त आणि लिव्हर तपासायला सांगतात, ते लोक चुकवतात. दारू पिणाऱ्यानं तर डॉक्टरला खरं सांगावंच.

टिळकवाडी
माझं याच वैशाखात लग्न आहे. मेथोट्रेक्सेट चालू आहे, सासरी अजून सांगितलेलं नाही. मूल हवं असेल तर काय? आणि टाच दुखते ती यातलीच का? ऑर्थोवाले म्हणाले हाड वाढलंय.

चिकोडी, डॉक्टर
या गोळीवर असताना गर्भ राहता कामा नये. मूल ठरवायच्या काही महिने आधी ती बंद करतात आणि तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं सल्फासॅलझिनसारखं गरोदरपणात चालणारं औषध देतात. मनानं बंद मात्र करू नका. टाचेमागे शिरा हाडाला चिकटते तिथे हा आजार सूज आणतो, पण नुसतं वाढलेलं हाडही खूप जणांत सापडतं. सकाळी उठल्या उठल्या जास्त दुखतं आणि चालल्यावर कमी होतं का, ते लिहा. मात्र तळव्याच्या साध्या दुखण्यातही पहिली पावलं तशीच जातात, म्हणून दाबून बघितल्याशिवाय मी काही ठरवणार नाही.

टिळकवाडी
सकाळी जास्त. चालल्यावर कमी, पण संध्याकाळी परत. आणि सासरी सांगू का?

खानापूर, शिक्षिका
सांग गं. अंगाला शिवल्यानं होत नाही हे आधीच सांगून टाक, नाहीतर ताट-वाटी वेगळी ठेवतात. जाऊबाईंना तेच ऐकावं लागलं.

वडगाव, यंत्रमागवाला
या गोळीनं पूर्ण बसलं नाही तर पुढं इंजेक्शन म्हणालेत. त्याआधी टीबीची तपासणी, छातीचा फोटो. खर्च ऐकून गप्प बसलोय. कुणी इंजेक्शनवर आहे काय इथं? एका इंजेक्शनला किती पडतं आणि सरकारी कार्डात बसतं काय, ते लिहा.