बी-204 च्या बाईंना आलेला एक शब्द

बी-204 बाई: सकाळी सहाला अनोळखी नंबरवरून मेसेज आलाय. एकच शब्द: "कर्मधारय". नमस्कार नाही, नाव नाही. कुणाचा असेल?

ए-101 सेक्रेटरी: बाई, लिंक असेल तर उघडू नका. आणि टँकर 11 ला येतोय, सगळ्यांनी बादल्या भरून घ्या.

बी-204 बाई: लिंक नाही हो. समासाचं नाव आहे, म्हणजे कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न माझाच असणार, बत्तीस वर्षं तेच केलंय.

सी-303 काकू: मग काय विचारलं असेल? नीलकमल?

बी-204 बाई: नीलकमल, रक्तचंदन, महादेव... ही तर सगळ्यांना यायची. पहिलं पद दुसऱ्याचं विशेषण, झालं. बरोबर आलेल्या उत्तरासाठी इतक्या वर्षांनी कोण मेसेज करतं? हे मी चूक दिलेलं उत्तर असणार.

डी-402 (एमपीएससीवाला): बाई, डीपी काय आहे?

बी-204 बाई: दुकानाचा गल्ला. मागे कपाटात पिवळ्या रेशमी कापडाच्या घड्या. थांबा... पीतांबर!

डी-402: पण तो बहुव्रीही ना? रट्टा मारलाय मी.

बी-204 बाई: 'पीत आहे अंबर ज्याचे तो', म्हणजे विष्णू. दोन्ही पदं सोडून तिसऱ्याकडे बोट, म्हणून बहुव्रीही. पण सोवळ्याचा पीतांबर म्हटलं की ते नुसतं पिवळं वस्त्र. 'पीत असे अंबर', तिथे कर्मधारय. वाक्यात कसा आलाय ते बघावं लागतं. सहामाहीच्या पेपरात मी वाक्यच दिलं नव्हतं, नुसता शब्द.

सी-303 काकू: म्हणजे तुमचाच घोळ!

बी-204 बाई: आता आठवतंय. आठवीचा पोरगा, वडिलांचं सोवळ्याच्या कापडाचं दुकान. पेपर मिळाल्यावर टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, आमच्याकडे पीतांबर घडी करून ठेवतात. विष्णूची घडी कशी करणार?" वर्ग खो खो हसला. मी त्याला जागेवर बसवलं आणि लाल रेघ तशीच ठेवली.

ए-101 सेक्रेटरी: टँकर आला. बाई, तुमची बादली मी लावतो, तुम्ही आधी त्याला विचारा.

बी-204 बाई: नुसतं "पीतांबर?" लिहून पाठवलं. निळ्या टिका आल्या. टाइप करतोय.

डी-402: 👀

बी-204 बाई: म्हणतो, "हो बाई. काल मुलीच्या वहीत तोच शब्द आला, तिनेही कर्मधारय लिहिलं. माझा 1 गुण राहिलाय."

सी-303 काकू: दिलात का मग?

बी-204 बाई: अर्धा. विग्रह लिहिला नव्हता त्याने.