मदत हवी आहे: नागपुरात पश्चिममुखी प्लॉटवर घर, पश्चिमेची भिंत दीड विटेची केली तर पुरेल का?

बेसा३०बाय५०

नमस्कार मंडळी. बेसा भागात ३० बाय ५० चा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला, म्हणजे घराचं तोंड पश्चिमेला. दक्षिण-उत्तरेचे दोन्ही प्लॉट सध्या रिकामे आहेत पण उद्या तिथे बांधकाम होणारच. खाली हॉल, किचन, आईबाबांची बेडरूम आणि वर दोन बेडरूम असं बांधून राहिलो आहोत, नकाशा अजून फायनल नाही म्हणून आत्ताच विचारतो.

सध्या भाड्याच्या घरात राहतो तिथली बेडरूम पश्चिमेला आहे, ९ इंची भिंत. मे मध्ये रात्री अकरा वाजता पलंगामागच्या भिंतीला हात लावला तर तवा विझवून थोडा वेळ झाल्यावर लागतो तशी लागते, कूलर फुल स्पीडवर असूनही. बाबांना बीपी आहे, त्यांना तीन-तीन वाजेपर्यंत झोप लागत नाही. त्यामुळे नवीन घरात हेच परत झालं तर मला चालणार नाही.

माझ्या डोक्यात असं आहे की पश्चिमेची भिंत साडेतेरा इंच करायची आणि खिडक्यांवर दोन फुटी छज्जा काढायचा. बायकोचं म्हणणं वेगळं आहे, तिची मावशी रत्नागिरीजवळ राहते, त्यांचं घर मोठमोठ्या समोरासमोर खिडक्यांचं, उतरतं कौलारू छप्पर, चारी बाजूंनी पुढे आलेलं, एसी नाही तरी बसवतं. तसंच बांधू म्हणते. कोणाचं बरोबर? कोणी केलं असेल तर सांगा.

उमरेडकडचा

भाऊ भिंत जाडच करा, डोळे मिटून. आमचा गावचा वाडा होता, मातीच्या दोन फुटी भिंती, भर मे मध्ये दुपारी आत गेलं की अंगावर गारवा यायचा, पंखासुद्धा नव्हता. आजकालच्या ९ इंची भिंतीत काही दम नाही. चारी बाजूंनी दीड वीट करा, एसी लागणारच नाही.

स्वाती_वर्धा

पश्चिममुखी घर वाईट नसतं हो, लोक उगाच घाबरवतात. आमचं पण पश्चिममुखी आहे, मुख्य दार थोडं उत्तरेकडे सरकवून घेतलं, सगळं छान चाललंय. गुरुजींना एकदा प्लॉट दाखवून घ्या, निर्धास्त व्हाल.

बेसा३०बाय५०

ताई धन्यवाद, पण माझा प्रश्न वास्तूचा नाही, उन्हाचा आहे. रात्री भिंत तापते तो.

दीडवीट

मी पस्तीस वर्षं विदर्भात घरांची डिझाइन्स आणि साइट केली, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

उमरेडकर भाऊंचा अनुभव खरा आहे पण त्यातला अर्धा भाग सुटला. विटेची भिंत उष्णता अडवत नाही, ती उशिरा आत पोचवते. ९ इंची भिंतीत बाहेरची झळ आत यायला साधारण सहा-सात तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन दुपारी दोन ते सहा, म्हणजे ती आतून सगळ्यात गरम कधी होणार तर रात्री दहा-अकराला, अगदी तुम्ही हात लावता तेव्हाच. साडेतेरा इंच केली तर तीच झळ पहाटे दोन-तीनला येईल, थोडी कमी होऊन, पण येईल. म्हणजे बाबांची झोप अकराऐवजी दोनला मोडेल. दोन फुटी मातीच्या भिंतीत चढउतार इतका सपाट होतो की आत दिवसरात्र जवळपास सारखंच राहतं. आणि दुसरी गोष्ट भाऊ विसरले, त्या वाड्यात मे मध्ये रात्री आत कोण झोपायचं? सगळे आंगणात नाहीतर गच्चीवर. दारं-झरोके रात्रभर उघडे, त्या हवेने भिंती थंड व्हायच्या आणि सकाळी नऊच्या आत सगळं बंद. आता आपण दार लावून आत झोपतो, तर रात्री भिंतीत साठलेलं आपल्याच अंगावर येतं.

म्हणून पश्चिमेला जाडीपेक्षा सावली महत्त्वाची, भिंतीवर ऊन पडूच द्यायचं नाही. आणि इथे तुमचा दोन फुटी छज्जा कामाचा नाही. मे मध्ये चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३४ अंशावर असतो, दोन फुटी छज्ज्याची सावली खाली जेमतेम सोळा इंच पडते. पाच वाजता सूर्य २० अंशावर येतो, सावली नऊ इंच. चार फुटी खिडकीत बाकी सगळं ऊन सरळ आत.

दक्षिणेचं उलट आहे, तिथे छज्जा चोख काम करतो. नवतप्यात दुपारी बाराच्या थोडं पुढे तुम्ही उन्हात उभे राहिलात तर सावली पायाखालीच असते, सूर्य बरोबर डोक्यावर. मार्च-सप्टेंबरच्या २१ च्या आसपास दुपारी तो दक्षिणेला ६९ अंशावर, तेव्हा दीड फुटी छज्जा चार फुटी खिडकी जवळपास पूर्ण झाकतो, आणि डिसेंबरात तो ४५ अंशावर उतरला की त्याच छज्ज्याखालून अडीच फूट कोवळं ऊन आत येतं, जे आपल्याला हवंच असतं.

पडवीतला

मी चिपळूणचा, मावशींच्या घराबद्दल लिहितो. आमच्याकडे दिवस-रात्रीत तापमानाचा फरक फार नसतो, हवा दमट, त्यामुळे भिंतीत रात्रीचा गारवा साठवायचा म्हटलं तरी साठवायला गारवाच नाही. घाम सुकवायला वारा लागतो, म्हणून समोरासमोर खिडक्या. छप्पर पुढे आलेलं असतं ते उन्हाइतकंच पावसासाठी, चिऱ्याच्या भिंतीवर झड बसली की ओल महिनाभर हटत नाही, आणि जुलैत खिडकी उघडी ठेवता आली पाहिजे ना. पण एप्रिलमध्ये तुमच्याकडे दुपारी तसल्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर लू आत येईल.

बेसा३०बाय५०

मग प्रॉब्लेम असा की आमच्याकडे दोन्ही आहे. मे मध्ये लू, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कूलर लावला की चादर ओलसर, अंगाला चिकचिक. तेव्हा मावशीचंच घर पाहिजे असं वाटते.

दीडवीट

अगदी नेमकं बोललात. नागपूर कोरड्या उष्ण हवेत बसत नाही आणि दमट हवेतही नाही, सरकारी ऊर्जा संहितेत आपल्याला मिश्र हवामानात टाकलंय, अहमदाबाद कोरडं, मुंबई दमट. मे मध्ये दिवस ४३, रात्र २८, पंधरा अंशांचा फरक, तिथे जड भिंत आणि बंद खिडकी उपयोगी. जुलैत हाच फरक सात-आठ अंशांवर येतो, हवेत पाणी, तिथे वारा उपयोगी. एकाच घराला दोन्ही यायला हवं, म्हणजे खिडक्या मोठ्या पण घट्ट बंद होणाऱ्या आणि बाहेरून सावली असलेल्या.

तुमच्या प्लॉटची अडचण अशी की पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडूनच येतो. म्हणजे जी बाजू मे मध्ये बंद करायची तीच जुलैत उघडायची. पश्चिम पूर्ण कोरी भिंत केलीत तर जुलैत गुदमराल, कारण बाजूचे प्लॉट भरले की तुमच्याकडे वाऱ्याला पश्चिम आणि पूर्व एवढ्याच दोन बाजू उरतात.

मी काय केलं असतं ते सांगतो. पश्चिमेला पूर्ण रुंदीची सात फूट खोल छपरी, जुन्या घरांना असायची तशी. तिच्या छपराची पुढची कड जमिनीपासून साडेसात फुटांवर. आता हिशोब पाहा, चार वाजता सात फुटी छपरीची सावली कडेपासून पावणेपाच फूट खाली उतरते, म्हणजे मागच्या भिंतीवर ऊन फक्त खालच्या पावणेतीन फुटांवर. खिडकीचं सिल तीन फुटांवर, तर खिडकी पूर्ण सावलीत. पाच वाजता मात्र ऊन पाच फुटांपर्यंत चढतं, अर्धी खिडकी उघडी पडते. म्हणून छपरीच्या बाहेरच्या कडेला बांबूची चिक, साडेचारला सोडायची, सूर्य बुडाला की गुंडाळायची. चिक बाहेरच हवी. आतला पडदा लावून उपयोग नाही, ऊन एकदा काचेतून आत शिरलं की पडदाच तापतो आणि खोलीत हीटरसारखा लटकतो.

आईबाबांची खोली पूर्वेला न्या. वरच्या मजल्यावर पश्चिमेला जिना, बाथरूम, स्टोअर ठेवा, हॉल आणि जिना यांच्यातून वारा पूर्वेपर्यंत जाऊ द्या. पूर्वेची उघडी जागा पश्चिमेच्या उघड्या जागेपेक्षा थोडी मोठी ठेवा, आत वारा अंगाला लागेल असा येतो.

उमरेडकडचा

बापूकुटी पाहिली आहे काय कोणी? मातीच्या भिंती, कवेलू आणि चहूकडे छपरी. वाड्याची भिंतच आठवत होती, छपरीचं लक्षातच आलं नाही. आमच्या वाड्यालाही होती.

निलू_काटोल

कवेलूचं मात्र सांभाळून. आमच्याकडे माकडं दर आठवड्याला दोन-चार फोडतात, पावसाळ्याआधी फेरायला माणूस मिळत नाही. आम्ही शेवटी छपरीवर पत्रा टाकला तर पत्रा तापून खाली बसवत नाही. पत्र्याखाली काय लावावं?

दीडवीट

पत्र्याखाली बांबूची चटई हवेला जागा सोडून ताणून बसवा, पत्र्याची झळ थेट डोक्यावर येणार नाही.

आणि बेसावाले, एक राहिलंच. तुमच्या सध्याच्या घरावर गच्ची आहे का वर मजला? स्लॅब उघडा असेल तर एक करून पाहा. आज रात्री अकरा वाजता एक हात पश्चिमेच्या भिंतीला आणि मग स्टुलावर चढून एक हात स्लॅबला लावा. मे मध्ये सूर्य डोक्यावर असल्याने दिवसभरात सगळ्यात जास्त ऊन गच्चीच खाते. स्लॅब जास्त गरम असेल तर नुसत्या भिंतीवर खर्च करून झोप येणार नाही.

बेसा३०बाय५०

काका, लावून पाहिला. वर गच्चीच आहे. स्लॅब भिंतीपेक्षा जास्त गरम निघाला. खरं सांगतो, चार वर्षं भिंतीलाच दोष देऊन राहिलो होतो.

दीडवीट

मग दीड विटेचे पैसे गच्चीवर घाला. विटांचा कोबा आणि वर पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक. पांढरी गच्ची ऊन परत फेकते, पण धूळ बसली की गुण कमी होतो, मार्च सरता सरता धुवून घ्या. भाड्याच्या घरात मालकाला विचारून निदान चुन्याचे दोन हात मारून घ्या, पावसाळ्यात तो धुपतो पण हा उन्हाळा निघेल. दीड वीट केली असती तर प्लिंथ बीम रुंद, खोली आत लहान, हा खर्च वेगळाच होता.

जरीपटका_साइट

मी काँट्रॅक्टर. काकांचं बाकी पटते, पण पश्चिमेला जिथे छपरी नाही तिथे, म्हणजे वर, विटा उभ्या लावून मधे पोकळी सोडतात ती भिंत करा. ९ इंचातच बसते, विटाही जवळपास पाव भाग कमी लागतात. केरळात लॉरी बेकरनी खूप केली.

दीडवीट

भिंत चांगली आहे, मी दोन ठिकाणी केली. पण मिस्त्रीने विटांचे सांधे नीट भरले नाहीत तर पावसाची झड पोकळीत उतरते आणि आत ओलीचे डाग येतात, आणि नंतर वायरिंगसाठी खाचा मारणाऱ्याने सगळी पोकळी फोडून ठेवली. मिस्त्री ओळखीचा असेल आणि वायरिंगची जागा आधी ठरली असेल तरच करा.

बेसा३०बाय५०

छपरी बायकोला पटली, मावशीकडे पडवी आहे तशी होईल म्हणून. पण सात फूट दिले की हॉल बारा फुटांवर येतो, पाच फुटांची केली आणि चिक चार वाजता सोडली तर चालेल का?

दीडवीट

पाच फुटात चार वाजता सावली कडेखाली साधारण तीन फूट चार इंच येते. म्हणजे मागे भिंतीवर ऊन चार फुटांपर्यंत, खिडकीचा खालचा एक फूट उन्हात. चिक साडेतीनलाच सोडा म्हणजे चालेल, पण रोज, न चुकता. दुपारी घरी कोण असतं?

बेसा३०बाय५०

आईबाबा असतात. आई सोडेल.

पडवीतला

आईंना दोरी हाताला येईल एवढी खाली ठेवा, आणि चिक एक सलग न करता तीन तुकड्यांत करा. जुलैत एका बाजूने झड येते तेव्हा तेवढीच सोडता येते, बाकी वारा चालू राहतो.

निलू_काटोल

आणि उत्तरेच्या खिडक्यांचं काय? आमच्या उत्तरेच्या खोलीत मे-जूनमध्ये संध्याकाळी ऊन येतं, छज्जा असून.

दीडवीट

येणारच, त्या दिवसांत सूर्य पश्चिमेपासून चांगला उत्तरेकडे सरकून मावळतो. तिथे आडवा छज्जा नाही, खिडकीच्या पश्चिम बाजूला दीड फुटाची उभी फळी लागते. बेसावाल्यांना शेजारचं घर उभं राहिलं की ते ऊन आपोआप अडेल, पण ते किती वर्षांनी आणि किती उंच, त्यावर वारा पण अवलंबून आहे. शेजारच्या प्लॉटवाल्यांचा काही अंदाज आहे का?

बेसा३०बाय५०

उत्तरेचे पुण्यात असतात, म्हणतात दोन वर्षांत बांधू. दक्षिणेच्यांचा फोनच लागत नाही. रविवारी आर्किटेक्टकडे चाललो आहे, छपरीसहित नवीन नकाशा इथेच टाकतो.