श्रावणाचं चित्रीकरण एका दिवसात

"श्रावणाचे तीसही शॉर्ट्स एकाच दिवशी घ्यायचेत. तारखेच्या क्रमाने घेऊ का?"

नको, वारांप्रमाणे गट करा. सोमवारचे शंकराचे सगळे एकदम, मग मंगळागौर, मग शुक्रवारची जिवती. सोमवार आठवड्याने येतो, त्यामुळे एका गटाला एक साडी चालते. फक्त लागोपाठच्या वारांचे रंग वेगळे हवेत. प्रत्येक संहितेवर तारीख आणि साडीचा रंग लिहून ठेवा.

पिंडीची मांडणी सकाळी पहिली, कारण दिव्यांच्या उष्णतेने बेल-फुलं मलूल होतात आणि कॅमेऱ्यात ते लगेच दिसतं. गायची स्तोत्रंही तेव्हाच उरका. कहाण्या दुपारनंतर घ्या, थकलेल्या आवाजातही त्या निभावतात. निरांजनात प्रत्येक टेकआधी तूप बघा. ज्योत मध्येच लहान दिसली की दोन टेकमधला जोड उघडा पडतो.