मदत हवी: बॅटरी भरलेली असूनही प्लग-इन हायब्रिडचं इंजिन आपोआप चालू होतंय

जळगावकर७१: रोजचं जाणंयेणं विजेवर, घरी सोलरवर चार्जिंग. तरी हल्ली इंजिन मध्येच आपोआप चालू होतं आणि पडद्यावर देखभालीसाठी इंजिन चालू असल्याचा संदेश येतो. सर्व्हिसवाले म्हणतात किलोमीटरच झाले नाहीत, ऑइल बदलायची गरज नाही. हे इंजिन बंद कसं ठेवायचं? लवकर सांगा.

पाचोऱ्याचा_पोऱ्या: गाडी कोनती शे भाऊ? पेट्रोल कधी भरलं होतं?

हायवेप्रेमी: हायब्रिड आहे तर इंजिन लागणारच. माझीपण सिग्नल सुटला की लागते. मायलेज मस्त आहे, चिंता नको.

जळगावकर७१: अहो, माझी प्लग लावून चार्ज होणारी आहे, तुमच्यासारखी नाही. युरोपियन एसयूव्ही, २ लिटर टर्बो, टाकी ७० लिटरची. दिवाळीत फुल्ल केली होती, पाऊण अजून शिल्लक आहे.

केळीवाला_रावेर: दिवाळीचं पेट्रोल, वर आपला ४५ अंशांचा उन्हाळा! माझा फवारणी पंप एक हंगाम पडून होता, कार्बोरेटरमध्ये डिंकासारखा थर बसला, जेट तुंबला. त्यात आता ई२०. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी तळाशी बसतं. अख्खी टाकी रिकामी करा.

मोटारवाली_धुळे: दादा, पंपाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. त्याच्या टाकीच्या झाकणाला भोक असतं, हलका भाग उडून जातो आणि बाहेरची दमट हवा आत येते. प्लग-इन गाडीची टाकी बहुधा बंदिस्त, दाबाखाली असते. म्हणूनच बटण दाबल्यावर झाकण उघडायला थोडा वेळ लागतो. तिथे पेट्रोल जुनं होतं, पण सावकाश. शेवरले व्होल्टमध्ये, ती भारतात आली नाही, पेट्रोलचं सरासरी वय वर्षाच्या आसपास गेलं की गाडी स्वतःच ते जाळायला घ्यायची. इंजिन साधारण ६ आठवडे लागलं नाही तर ते थोडा वेळ चालवून देखभालीची वेगळी फेरी करायची.
जळगावकर, दोन गोष्टी सांगा. इंजिन लागल्यावर किती वेळ चालतं? आणि ऑइलची पातळी किती आहे?

जळगावकर७१: किती वेळ म्हणजे काय, घरून एमआयडीसी लांब नाही. इंजिन लागतं तोवर गेट येतं, गाडी बंद. ऑइलची पट्टी आत्ता काढून बघितली, कमाल खुणेच्या वर आहे. कमी व्हायला हवं ना?

मोटारवाली_धुळे: हेच शोधत होते. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं. सिलिंडरच्या भिंतीवरचं न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, सोबत जळण्यातून झालेलं पाणीही. ऑइल ९० अंशांपर्यंत तापून थोडा वेळ तसंच राहिलं तर दोन्ही उडून जातात. तुमच्याकडे ते तापतच नाही. इंजिनची ती देखभालीची फेरी अर्धवट राहते, म्हणून ती पुढच्या वेळी पुन्हा प्रयत्न करते. पट्टीचा वास घ्या.

जळगावकर७१: घेतला. पेट्रोलचा स्पष्ट वास येतोय.

जुना_गॅरेजवाला: एवढ्यासाठी ऑइल फेकू नका. भुसावळपर्यंत पळवा, सगळं पेट्रोल उडेल. आम्ही हेच करत आलो.

मोटारवाली_धुळे: काका, थोडं मिसळलं असेल तर नक्की उडतं. पण पातळी खुणेच्या वर गेल्यावर क्रँक ऑइल घुसळून फेस करतो, आणि पातळ झालेलं ऑइल हायवेच्या लोडखाली बेअरिंगला धरत नाही. आधी ऑइल आणि फिल्टर बदला. मॅन्युअल उघडून बघा, किलोमीटरसोबत मुदतही दिलेली असते आणि जे आधी येईल ते धरायचं. ते पान सर्व्हिसवाल्यांसमोर ठेवा.

जुना_गॅरेजवाला: फेसाचं मान्य. पण दरवर्षी बदलणं म्हणजे पैसे वाया.

जळगावकर७१: आणि पाऊण टाकीचं काय? त्यात नवीन पेट्रोल टाकू?

मोटारवाली_धुळे: आत्ता नको, ५० लिटर जुन्यात १५ नवीन मिसळून फार फरक पडत नाही. नवं ऑइल घातलं की बॅटरी राखून ठेवायचा मोड लावा आणि धुळ्याला जाऊन या. जाऊनयेऊन १८० किलोमीटर, लिटरला १२ धरले तरी १५ लिटर जळतील आणि ऑइल नीट तापेल. खडखड किंवा झटके जाणवले तर जोरात पिळू नका. अशा दोनतीन फेऱ्यांत टाकी खाली येईल. मग २० लिटरच्या वर भरू नका आणि महिन्यातून एकदा सलग अर्धा तास इंजिनवर चालवा. रिझर्व्हपर्यंतही नेऊ नका, टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

केळीवाला_रावेर: टाकी अर्धी ठेवली तर रिकाम्या जागेत दमट हवा राहणार. पावसाळ्यात मी तरी फुल्लच ठेवीन.

मोटारवाली_धुळे: बंद टाकीत हवा येणार कुठून? दर भरण्याला झाकण उघडतं तेवढीच.

केळीवाला_रावेर: आणि टाकी बंद ठेवणारा व्हॉल्व्ह म्हातारा झाल्यावर? या गाड्या आपल्या उन्हात १० वर्षं काढलेल्या कोणी पाहिल्यात इथे?

जळगावकर७१: मॅन्युअलमध्ये १२ महिने लिहिलंय. शनिवारी गाडी ऑइलला नेतो. व्हॉल्व्ह तपासून घेता येतो का, तेही विचारतो.